गुणपत्रिका न जोडलेल्या अर्जदारांना कॉलेजतर्फे पत्र पाठवायचं आहे, मसुदा बघून द्याल का?

बारनिशी_ताई | बुधवार, १० जून, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी नागपुरातल्या एका अनुदानित कॉलेजच्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहे. आवक-जावक माझ्याकडे आणि या हंगामात प्रवेशाचंही काम. यंदा बी.एस्सी. पहिल्या वर्षाचे अर्ज कागदावरच घेतले. काही खिडकीवर आले, काही पोस्टाने. एकूण ४१२. छाननीत त्यातल्या ३७ अर्जांना बारावीची गुणपत्रिकाच नाही असं निघालं. पहिली गुणवत्ता यादी २५ जूनला, गुरुवारी लागायची आहे.

साहेबांनी त्रुटीपत्र काढायला सांगितलं आणि जुन्या फायलीतलं एक काढून दिलं, म्हणाले यातच तारीख बदल. ते असं आहे :

> विषय : प्रवेश अर्जासोबत गुणपत्रिका न जोडल्याबाबत.
>
> उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपण या महाविद्यालयात सादर केलेल्या अर्जासोबत आवश्यक ती गुणपत्रिका जोडलेली नसल्याचे छाननीअंती निदर्शनास आले आहे. तरी सदर पत्र मिळताच ७ दिवसांच्या आत गुणपत्रिका सादर करावी. अन्यथा आपला अर्ज रद्द समजण्यात येईल व याबाबत कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही, याची नोंद घ्यावी.

आमचे अर्जदार सतरा-अठरा वर्षांचे, बरेचसे काटोल, उमरेड, रामटेक, भिवापूर भागातले. हे वाचून मलाच धडकी भरली, त्यांचं काय होईल? भाषा थोडी सौम्य करून द्याल का कोणी? परवा पत्रं टपालात टाकायची आहेत.

---

बर्डीवाला | ९.२६

अजी ताई, काहून घाबरता? माझ्या पुतण्यालेही असंच पत्र आलं होतं. सोबत टीसी, गुणपत्रिका, आधार, सगळ्याचे दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा, खिडकीवर नीट बोला, घेऊन घेतात. रद्द-बिद्द काही करत नाहीत, नुसतं भेव दाखवतात.

---

बारनिशी_ताई | ९.३१

दादा, पत्र मला आलेलं नाही हो. मीच खिडकीच्या आत बसून राहिली आहे.

---

बर्डीवाला | ९.३३

अरे बाप्पा! मग तुम्ही नीट बोला जी पोरांशी. 😄

---

टेबल_नंबर_चार | १०.०५

मी ३१ वर्षं कॉलेजच्या कार्यालयात काढली, शेवटची ९ अधीक्षक म्हणून. भाषेचं नंतर बघू. आधी एक विचारतो. गुणपत्रिका "जोडलेली नाही" हे तुम्हाला कशावरून कळलं? आत्ता अर्जाला नाही, एवढंच तुम्ही पाहिलंय. मुलाने जोडलीच नव्हती, हा त्याच्या पुढचा आरोप झाला.

पत्र काढण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, अर्जाच्या शेवटच्या पानावर सहपत्रांची यादी असते, त्यात मुलाने गुणपत्रिकेपुढे खूण केली आहे का. दुसरी, खिडकीवर अर्ज घेताना पोच दिली असेल तर तिच्या स्थळप्रतीवर सहपत्रांची संख्या लिहिलेली असते. तुम्हीच "सहपत्रे ५" लिहून शिक्का मारला असेल आणि आज फायलीत ४ असतील, तर पाचवा कागद तुमच्याच कार्यालयात आहे. तिसरी, हे ३७ अर्ज एकाच गठ्ठ्यातले आहेत की सगळीकडे विखुरलेले? एकाच गठ्ठ्यात चार-पाच शेजारी-शेजारी निघाले तर मुलांना पत्र लिहू नका, तो गठ्ठा सोडा.

---

बारनिशी_ताई | १०.१४

गठ्ठे २५-२५ चे आहेत. हे मी पाहिलंच नाही. उद्या सकाळी पाहते.

---

संत्राबर्फी | १०.४०

२०२६ साली पत्रं आणि पोस्ट कशाला? सरळ व्हॉट्सअ‍ॅप करा, गुणपत्रिकेचा फोटो मागवा, पाच मिनिटांचं काम. डिजीलॉकरमधली प्रत कायद्याने मूळ गुणपत्रिकेइतकीच धरतात, तेव्हा मोबाइलमधल्या प्रतीला कोणी नाही म्हणू शकत नाही. आणि ३७ नावांची यादी कॉलेजच्या ग्रुपवर टाकून द्या, बरोबर धावत येतील.

---

टेबल_नंबर_चार | ११.०२

संत्राबर्फी, अर्धं बरोबर बोललात. डिजीलॉकरमध्ये दोन कप्पे असतात. एकात बोर्डाने स्वतः पाठवलेली गुणपत्रिका येते. ती २०१६ च्या नियमांप्रमाणे मूळ कागदाच्या बरोबरीची आहे आणि कॉलेजला ती नाकारायचं कारण नाही. दुसऱ्या कप्प्यात मुलगा स्वतः काढलेला फोटो चढवून ठेवतो. तो डिजीलॉकरमध्ये असला तरी फोटोच. मोबाइलच्या गॅलरीतल्या फोटोचंही तसंच. तेव्हा "डिजीलॉकरची चालेल" एवढंच लिहिलंत तर निम्मे जण दुसऱ्या कप्प्यातलं पाठवतील. "मंडळाने डिजीलॉकरमध्ये दिलेली" असे शब्द घाला.

नावांची यादी ग्रुपवर टाकू नका. कोणाची गुणपत्रिका नाही हे चारशे जणांना कळायचं कारण नाही. लावायचीच तर सूचनाफलकावर फक्त अर्ज क्रमांक लावा. फोन मात्र जरूर करा, पण पत्राच्या जोडीला. फोनवर काय सांगितलं त्याचा कागद कुणाकडेच उरत नाही.

---

देवरीची_लेक | गुरुवार, ११ जून, सकाळी ७.१५

रात्री हा धागा वाचला आणि झोप लागली नाही. १९९९ ची गोष्ट. मी देवरीजवळच्या खेड्यातली, तेव्हा आमचा जिल्हाही नवाच होता. नागपूरच्या एका कॉलेजात अर्ज पोस्टाने पाठवला होता. असंच पत्र आलं, "या पत्राच्या दिनांकापासून ७ दिवसांच्या आत". पत्रावर तारीख सोमवारची होती आणि पोस्टमनने ते दिलं पुढच्या मंगळवारी. म्हणजे माझ्या हातात पडायच्या आधीच मुदत संपून गेली होती. बाबा तरीही पहाटेच्या गाडीने गेले. खिडकीवरच्या माणसाने पत्रावरची तारीख बोटाने दाखवली आणि परत पाठवलं.

बाबा लिफाफा सोबत घेऊन गेले नव्हते. त्यावरचा आमच्या पोस्टाचा शिक्का दाखवता आला असता. हे मला किती वर्षांनी सुचलं! तेव्हा आम्ही निमूट घरी आलो आणि मी एक वर्ष घरीच बसले.

ताई, तुम्ही विचारलं तरी, हेच खूप आहे.

---

टेबल_नंबर_चार | ८.२०

लेकी, असे लिफाफे न आणलेले बाप मी खिडकीतून पाहिलेत. तेव्हा मी टेबल नंबर चारवरच होतो, मुदतीचा अर्थ लावायचा अधिकार माझ्याकडे नव्हता. असो.

ताई, तुमच्या जुन्या पत्रातलं "पत्र मिळताच ७ दिवसांच्या आत" म्हणजे गंमतच आहे. मिळताच की सात दिवसांत? आणि मिळाल्याचा दिवस तुम्हाला कसा कळणार? सरळ वार, तारीख, वेळ लिहा. "सोमवार, २२ जून, दुपारी ४ वाजेपर्यंत" असं लिहिलं की बोटं मोजावी लागत नाहीत. उद्या १२ ला टपालात पडलं, खेड्यात पोचायला ४-५ दिवस धरले, तरी मुलाच्या हातात ५ दिवस उरतात आणि मधे शनिवार-रविवार धरूनही तालुक्याला जाऊन येता येतं. तुम्हाला यादी करायला २३ आणि २४ मिळतात.

---

प्रवेश_समिती_सर | ९.४५

मी प्राध्यापक आहे, दरवर्षी प्रवेश समितीत असतो. जरा दुसरी बाजू मांडतो. अर्जाच्या माहितीपत्रकात सहपत्रांची यादी ठळक अक्षरांत छापलेली असते. ४१२ पैकी ३७५ जणांना ती वाचता आली ना? मग या ३७ जणांसाठी कार्यालयाने दहा दिवस खर्ची का घालावेत? नियम सगळ्यांना सारखा. सौम्य पत्र लिहिलं की पुढच्या वर्षी ३७ चे ७० होतील.

---

बारनिशी_ताई | दुपारी २.३५

आत्ता डबा खाऊन झाला. सर, तुमचं वाचलं, पण आधी सकाळी काय झालं ते सांगते.

गठ्ठे सोडले. ३७ पैकी ६ गुणपत्रिका आमच्याकडेच सापडल्या! चार तर एकाच गठ्ठ्यात होत्या, अकरा नंबरच्या. अर्ज स्कॅन करायला एक तात्पुरता मुलगा ठेवला होता. त्याने स्टेपल काढून सगळे कागद एकगठ्ठा मशीनला लावले आणि परत टॅग घालताना एक पान पुढे सरकलं. त्यामुळे एकाची गुणपत्रिका पुढच्याच्या अर्जात, पुढच्याची त्याच्या पुढच्याच्या. रांगेतल्या शेवटच्या अर्जात दोन गुणपत्रिका होत्या, दोन वेगळ्या नावांच्या, आणि छाननी करताना ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. गुणपत्रिका आहे का, तर आहे. नाव कोणी वाचलं? मधल्यांना तर दुसऱ्याच्याच गुणपत्रिकेवर टिक मिळाली होती. बाकीच्या दोन अर्जाच्या फोटोला चिकटून घडीत गेल्या होत्या.

एका मुलीच्या पोचेवर माझ्याच अक्षरात "सहपत्रे ५" लिहिलंय. तिला मी "जोडलेली नाही" असं पत्र पाठवणार होते.

---

टेबल_नंबर_चार | २.५०

त्या गठ्ठ्यातल्या पंचवीसही अर्जांवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव एकदा ताडून घ्या. पान सरकलं तेव्हा टिक मिळालेल्यांतही गडबड असणार. नाहीतर यादीत एकाचे टक्के दुसऱ्याला लागतील आणि ते भलतंच महागात पडेल.

उरलेले ३१ कशा-कशाचे आहेत?

---

बारनिशी_ताई | ३.२०

ताडले. तीन ठिकाणी अदलाबदल होती, नीट केली.

३१ पैकी १४ जणांनी संकेतस्थळावरच्या निकालाचा प्रिंट जोडलाय. ५ जणांची झेरॉक्स अशी की बैठक क्रमांक तरी कापला गेलाय, नाहीतर टोटल वाचताच येत नाही. ९ जणांनी खरंच काही जोडलेलं नाही, त्यातल्या दोघांनी दहावीची जोडली आहे. आणि ३ जण एका विषयात राहिलेत, पुरवणी परीक्षा देणार आहेत, म्हणून कोरं सोडलंय.

---

बर्डीवाला | ३.३२

हे १४ जण तर बिचारे बरोबरच आहेत ना? प्रिंटवर मार्क तर तेच असतात. आमच्या गल्लीतल्या नेटवाल्याकडे तर वीस रुपयात रंगीत काढून देतात, एकदम ओरिजनल वाटते.

---

टेबल_नंबर_चार | ४.०५

बर्डीवाले, "ओरिजनल वाटते" हीच तर पंचाईत. तो प्रिंट तात्काळ माहितीसाठी असतो, मूळ गुणपत्रिका समजू नये असं त्या पानावरच लिहिलेलं असतं. बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकलं की कोणीही काढू शकतो आणि थोडी हातचलाखी असली तर आकडेही बदलू शकतो. ताईंना हवं तर तोच निकाल स्वतः उघडून आकडे ताडता येतील. तेवढ्याने अर्ज खरा की खोटा याचा अंदाज येतो, पण फायलीत गुणपत्रिका लागली असं होत नाही.

आता मुद्दा. एकच पत्र या चार गटांना जाऊ शकत नाही. ज्याने प्रिंट जोडलाय त्याला "गुणपत्रिका जोडली नाही" असं लिहिलंत, तर तो तोच प्रिंट पुन्हा पाठवेल, कारण त्याच्या मते तीच गुणपत्रिका आहे. हे मी स्वतः पाहिलंय. एका मुलाने तीन वेळा प्रिंट पाठवला आणि तिसऱ्या वेळी सोबत रागाचं पत्र. चूक आमची होती. काय मिळालं आणि त्याऐवजी काय हवं, हे आम्ही एकदाही लिहिलं नव्हतं.

म्हणून पत्राचा सांगाडा एकच ठेवा आणि दुसरं वाक्य तेवढं बदला. काहीच नसलेल्यांचं पत्र लिहून देतो :

> जावक क्र. ........ दिनांक : १२ जून
>
> प्रति, ........ (अर्ज क्र. ........)
>
> विषय : इयत्ता बारावीच्या गुणपत्रिकेची प्रत मिळणेबाबत.
>
> आपला बी.एस्सी. प्रथम वर्ष प्रवेशाचा अर्ज कार्यालयास दि. ........ रोजी मिळाला. अर्जासोबत इयत्ता बारावीच्या गुणपत्रिकेची प्रत आढळली नाही.
>
> कृपया ही प्रत सोमवार, २२ जून रोजी दुपारी ४ वाजेपर्यंत कार्यालयात पोचेल अशी पाठवावी. आपण स्वतः किंवा घरच्या कोणाहीमार्फत ती खिडकी क्र. २ वर देऊ शकता, पोस्टाने पाठवू शकता, किंवा मंडळाने डिजीलॉकरमध्ये दिलेली गुणपत्रिका कार्यालयाच्या ईमेलवर पाठवू शकता. प्रतीवर वरील अर्ज क्रमांक लिहावा. मूळ गुणपत्रिका पाठवू नये. ती प्रवेशाच्या दिवशी दाखवून लगेच परत नेता येईल.
>
> या वेळेपर्यंत प्रत न मिळाल्यास २५ जूनच्या पहिल्या यादीसाठी आपल्या अर्जाचा विचार करता येणार नाही. त्यानंतर प्रत मिळाल्यास, जागा शिल्लक असेपर्यंत पुढील यादीसाठी विचार होईल.
>
> आपण ही प्रत पूर्वीच दिली असेल, किंवा गुणपत्रिका अजून आपल्या हाती आली नसेल, तर खालच्या चिठ्ठीवर तसे लिहून मुदतीपूर्वी कळवावे.

प्रिंटवाल्यांना दुसरं वाक्य असं : "अर्जासोबत संकेतस्थळावरील निकालाची छापील प्रत मिळाली. त्याऐवजी मंडळाने दिलेल्या गुणपत्रिकेची प्रत हवी आहे." अस्पष्ट झेरॉक्सवाल्यांना : "अर्जासोबतच्या गुणपत्रिकेच्या प्रतीवर बैठक क्रमांक वाचता येत नाही." नेमकं काय वाचता येत नाही ते लिहा, नाहीतर पुन्हा त्याच मशीनवरची झेरॉक्स येईल. दहावी जोडलेल्या दोघांना दहावीची मिळाली, बारावीची हवी, असं.

"आढळली नाही" हा शब्द मुद्दाम घातला आहे. त्यात कोणाची चूक ते येत नाही. आज सकाळच्या सहा गुणपत्रिकांनंतर का ते सांगायला नको.

---

देवरीची_लेक | ४.३०

"घरच्या कोणाहीमार्फत" हे वाचून बरं वाटलं. मुलांना वाटतं स्वतःच जावं लागेल. मजुरीचा दिवस बुडतो, एसटीचं भाडं जातं ते वेगळंच.

---

प्रवेश_समिती_सर | ५.१०

मसुदा चांगला आहे, मान्य करतो. त्या सहा गुणपत्रिकांनी माझी थोडी पंचाईत केली हेही मान्य. पण मूळ गुणपत्रिका मागवायची नाही, हे कशासाठी? आमच्याकडे पूर्वी मूळच जमा करून घ्यायचे. मुलगा दुसरीकडे पळत नाही.

---

टेबल_नंबर_चार | ५.३५

सर, नेमकं त्याचसाठी ते बंद केलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की मूळ कागदपत्रं पडताळून लगेच परत द्यायची, ताब्यात ठेवायची नाहीत. आणि व्यवहार बघा. बी.एस्सी.ला अर्ज करणारी निम्मी मुलं सीईटी देऊन अभियांत्रिकी, फार्मसीच्या फेऱ्यांतही असतात. मूळ गुणपत्रिका तुमच्या कपाटात आणि तिकडे पडताळणीची तारीख, मग घरचे तुमच्या खिडकीवर येऊन रडतात. पोस्टात हरवली तर आणखी वाईट. दुसरी प्रत काढायची तर शाळा-कॉलेजमार्फत मंडळाच्या विभागीय कार्यालयात, म्हणजे सिव्हिल लाइन्सला खेटे.

---

संत्राबर्फी | ५.५०

आणि हे पोस्टाने पाठवायचं तर रजिस्टर करा, म्हणजे मिळालं नाही असं कोणी म्हणणार नाही.

---

टेबल_नंबर_चार | ६.०५

रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिसळून टाकलं. आमच्या काळी "पोस्टल सर्टिफिकेट" असायचं, स्वस्तात काम व्हायचं, तेही २०११ मध्ये गेलं. आता स्पीड पोस्टच. ३१ पत्रांना परवडतं. पावतीवरचा क्रमांक जावक नोंदवहीत त्या-त्या नावापुढे लिहा. पण खरं सांगू? लिफाफ्यावरचा पत्ता अर्जावरून उतरवून घेताना गाव, पोस्ट, तालुका आणि पिन चारही लिहा. नुसतं "मु. पो." लिहून तालुका सोडला तर एकाच नावाची चार गावं विदर्भात निघतात.

---

बारनिशी_ताई | रात्री ८.४५

साहेबांना मसुदा दाखवला. "एवढं लांब?" म्हणाले. मग अकरा नंबरचा गठ्ठा दाखवला. सही केली. फक्त "याची नोंद घ्यावी" शेवटी हवंच म्हणाले, ते घातलं.

एक राहिलं. पुरवणीवाल्या तिघांचं काय करू? त्यांच्याकडे गुणपत्रिका आहे, पण नापासची. पासची २२ जूनपर्यंत येणारच नाही.

---

टेबल_नंबर_चार | ९.१०

त्यांना २२ तारीख लिहूच नका. जे त्यांच्या हातातच नाही ते मागितल्यासारखं होईल. वेगळं, चार ओळींचं पत्र द्या. अर्ज मिळाला आहे, पहिल्या यादीत घेता येणार नाही, पुरवणीचा निकाल लागल्यावर दोन्ही गुणपत्रिकांच्या प्रती द्याव्यात, तेव्हा रिक्त जागा असल्यास विचार होईल. दोन्ही हा शब्द महत्त्वाचा. पुरवणीच्या गुणपत्रिकेबरोबर पहिलीही लागते, नाहीतर ऑगस्टमध्ये याच तिघांना पुन्हा त्रुटीपत्र काढाल.

---

प्रवेश_समिती_सर | ९.३०

यावर मात्र माझा विरोध राहील. नापास विद्यार्थ्याचा अर्ज आपण स्वीकारलाच कसा? पात्रता नाही, तर अर्ज परत करा. "विचार होईल" असं लेखी दिलं की तो जागा धरून बसतो.

---

टेबल_नंबर_चार | ९.४१

जागा धरली जात नाही, "रिक्त असल्यास" लिहिलं आहे. अर्ज परत केलात तर निकालानंतर मुलाने पुन्हा अर्ज आणि पुन्हा शुल्क भरायचं?

---

प्रवेश_समिती_सर | ९.४८

हो. तसंच.

---

बर्डीवाला | ९.५५

सर, तुमची खिडकी कोणती ते सांगा, तिकडून जाणार नाही मी. 😄

---

बारनिशी_ताई | मंगळवार, २३ जून, संध्याकाळी ६.२०

पुढे काय झालं ते कळवायला लिहिते. १२ तारखेला पत्रं गेली, २८ एका सांगाड्याची आणि ३ पुरवणीवाली. त्या तिघांच्या बाबतीत समितीत दोन मतं पडली, प्राचार्यांनी अर्ज ठेवायला सांगितले, पण पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

२८ पैकी २५ गुणपत्रिका काल चारच्या आत आल्या. प्रिंटवाल्या १४ पैकी एकानेही पुन्हा प्रिंट पाठवला नाही. घरच्यांनी आणून दिलेल्या अकरा. एका आजोबांनी तर प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर आणखी एक पिशवी गुंडाळून आणली.

एका मुलीने आधी चिठ्ठी पाठवली होती : "कनिष्ठ महाविद्यालयाची फी बाकी आहे म्हणून गुणपत्रिका दिली नाही, झेरॉक्सही देत नाहीत." ही शक्यता तर माझ्या डोक्यातच नव्हती. तिला फोन केला, सेतू केंद्रात जाऊन डिजीलॉकर उघडायला सांगितलं. मंडळाने दिलेली गुणपत्रिका तिथे होतीच. दुसऱ्या दिवशी ईमेलवर आली. संत्राबर्फी, तुमचे आभार.

---

संत्राबर्फी | ६.३१

अर्धं बरोबर होतं म्हणे. 🙂

---

देवरीची_लेक | ६.४०

आणि उरलेले तीन?

---

बारनिशी_ताई | ६.५५

एकाचा काहीच पत्ता नाही, फोनही बंद. दोन लिफाफे परत आले, "पत्ता अपूर्ण" असा शेरा मारून. एकावर मीच पिन चुकवलाय, कुहीच्या जागी भिवापूरचा टाकला. त्या मुलाला आत्ताच फोन लागला. तो म्हणतो, ताई, उद्या सकाळी पहिल्या एसटीने येतो, चालेल का?

मुदत काल संपली. यादी उद्या दुपारी बनते. मी ये म्हणाले. लिफाफा सोबत ठेवला आहे, पोस्टाचा शिक्का दिसेल असा.